हिरो मंडळी, शर्ट काढायच्या आधीचे चार दिवस पण दाखवा

सिनेमातल्या हिरोंना, त्यांच्या पर्सनल ट्रेनरना आणि ट्रान्सफॉर्मेशनचे व्हिडिओ बनवून टाकणाऱ्या प्रोडक्शनवाल्यांना लातूरहून नमस्कार.

मी इथं जिम ट्रेनर आहे. लातूरला आख्ख्या मराठवाड्यातून लेकरं शिकायला येतात, कुणी नीटच्या तयारीला, कुणी पोलीस भरतीच्या, रूम करून राहतात, मेसमध्ये जेवतात, सकाळी ग्राउंड आणि संध्याकाळी जिम. जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमच्यापैकी कुणाचा तरी शर्ट काढलेला फोटो सेव्ह केलेला असतो. ॲडमिशन घ्यायलाच येतात तो फोटो पुढं करून, "सर, अशी बॉडी पायजे," आणि लगेच दुसरा प्रश्न, "किती दिवसात व्हईल?"

तुमच्या मेहनतीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. रोज दोन टाइम व्यायाम, वर्षभर मोजून खाणं, सणावाराला पण तोंड आवरणं हे काय असतं ते मला कळतं, माझं कामच ते आहे. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. पडद्यावर जी बॉडी दिसते ती तशी किती वेळ राहते हे तुम्ही कुणी सांगत नाही. व्यायाम सांगता, डाएट सांगता, पहाटे चारला उठता ते पण सांगता. पण शूटच्या आधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस, एवढाच तुकडा व्हिडिओतून गायब असतो. आणि आमच्याकडची पोरं बरबाद होतात ती नेमकी त्या गायब तुकड्यात.

तुमच्या ट्रेनरला हे सगळं पाठ असेल पण वाचणाऱ्या पोरांसाठी लिहितो. पोटावरचे कट्स दिसायला अंगातली चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांपर्यंत खाली आणावी लागते, चांगला तब्येतीचा तरणा माणूस १५ ते २० टक्क्यांवर पण एकदम ठणठणीत असतो. १० टक्क्यांवर आलं तरी पोस्टरवरच्यासारखं दिसत नाही. त्यासाठी पुढचा खेळ पाण्याचा आहे. आधी काही दिवस भात-पोळी-भाकरी एकदम कमी करून मसलमधला साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजन म्हणतात, तो रिकामा करायचा आणि शूटच्या आदल्या दिवशी परत भरायचा. एक ग्रॅम ग्लायकोजन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी मसलमध्ये ओढतं म्हणून मसल फुगलेला दिसतो. त्याच वेळी मीठ बंद आणि प्यायचं पाणी तोडत आणायचं, म्हणजे कातडीखालचं पाणी कमी होऊन कातडी मसलला चिकटल्यासारखी दिसते. मग सेटवर टेकच्या आधी पुशअप मारायच्या, डंबेल मारायचे, रक्त मसलमध्ये आणायचं, त्याला आम्ही पंप म्हणतो आणि तो फार तर अर्धा-पाऊण तास टिकतो. वरून किंवा बाजूनं लाइट मारायचा म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. अंगाला तेल, घामासारखा दिसणारा स्प्रे, कट्सच्या कडेनं मेकअपची गडद रेघ, आणि शूट झाल्यावर कंप्युटरवर जे काही करायचं ते. तेवढ्या दुपारपुरतं ते शरीर असतं. संध्याकाळी माणूस पाणी पितो, जेवतो, आणि दोन दिवसात ते गेलेलं असतं.

हे मी मनानं सांगत नाही, तिकडं हॉलिवूडमधल्या लोकांनी स्वतः सांगितलंय. हेन्री कॅव्हिलनं २०१९ मध्ये टीव्हीवर सांगितलं की शर्ट काढायच्या सीनसाठी पहिल्या दिवशी दीड लिटर पाणी, दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर, तिसऱ्या दिवशी अजिबात नाही आणि चौथ्या दिवशी शूट, आणि शेवटी शेवटी तर जवळपासच्या पाण्याचा वास येतो म्हणे. झॅक एफ्रॉन २०२२ मध्ये त्याच्याही पुढं जाऊन बोलला. २०१७ च्या एका सिनेमासाठी त्यानं जी बॉडी केली होती त्यासाठी लघवी जास्त करून पाणी काढणारी जोरदार औषधं घ्यावी लागली, नंतर झोप गेली, डिप्रेशन आलं, नीट वाटायला लागायलाच सहा महिने लागले, आणि ते दिसणं खरं तर कुणाला जमण्यासारखं आहे का याचीच त्याला शंका आहे, असं त्यानं कबूल केलं. आता ज्याच्या हाताखाली ट्रेनर, कुक, डॉक्टर सगळी टीम आहे त्याची ही गत, तर औशाच्या, निलंग्याच्या, अहमदपूरच्या पोरानं एकट्यानं रूमवर बसून हे केलं तर काय होईल याचा विचार तुमच्यापैकी कुणी केलाय का?

काय होतं ते सांगतो. माझ्याकडं औशाकडचा एक पोरगा होता, नाव सांगत नाही. वय एकोणीस, उंची पाच फूट आठ इंच, आला तेव्हा ५६ किलो. भरतीची तयारी करायचा. आठ महिन्यात ५६ चा ६२ किलो झाला, आणि कुठलीही पावडर, कुठलंही इंजेक्शन न घेता. अंडी, सोयाबीनच्या वड्या, घरून आलेले शेंगदाणे, तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी. जी माणसं या धंद्यात आहेत त्यांना कळेल की ही किती भारी प्रगती आहे, कारण नवीन पोराला सगळं नीट जुळून आलं तरी महिन्याला अर्धा ते एक किलो मसल चढतो, आणि पहिलं वर्ष सरलं की तो वेग पण मंदावतो. खांदे भरले होते, छाती भरली होती, पळणं पण सुधारलं होतं.

पण त्याला स्वतःला ते दिसतच नव्हतं. आरशात बघायचा आणि म्हणायचा, "सर, काहीच फरक नाही ओ." कारण तो स्वतःची तुलना आठ महिन्यापूर्वीच्या स्वतःशी करत नव्हता, तुमच्या त्या एका दुपारशी करत होता. एप्रिलमध्ये एका मोठ्या सिनेमाचा ट्रेलर आला, त्यात हिरो पावसात शर्ट फाडून उभा, आणि ट्रेलरसोबत ट्रान्सफॉर्मेशनचा व्हिडिओ. हा माझ्याकडं येऊन म्हणतो, आपल्याला कॉलेजच्या गॅदरिंगला असं पाहिजे. मी समजावलं. त्यानं मान हलवली आणि रूमवर जाऊन कुठल्या तरी रीलमध्ये बघून मीठ बंद केलं, पाणी तोडलं, आणि कुठून तरी पाणी काढायच्या गोळ्या आणल्या. लॅसिक्स. हे हार्टच्या, किडनीच्या पेशंटच्या अंगावर सूज येते तेव्हा डॉक्टर देतात ते औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचंच नसतं, पण त्याला मिळालं.

दोन दिवसात वजन चार किलो उतरलं आणि पोरगं खुश, ग्रुपवर फोटो टाकला, चार किलो फॅट जाळलं म्हणून. आता इथं गणित करून बघा. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे चार किलोला तीस हजाराच्या वर. एवढ्या वजनाचा पोरगा दोन दिवसात पाच हजार जाळतो, काहीच खाल्लं नाही तरी. बाकीचं कुठून गेलं? सगळं पाणी होतं. आणि ते एप्रिलमधल्या लातूरच्या उन्हात गेलं होतं, जिथं दुपारी नुसतं बसलेल्या माणसाला पण पाणी पीत राहावं लागतं, पारा चाळीसच्या पुढं असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटऱ्यांना गोळे यायला लागले, हाताची बोटं वाकडी होऊन अडकली, छातीत धडधड, आणि रूममध्येच पडला. मित्रांनी दवाखान्यात नेलं. ही गोळी लघवीवाटे नुसतं पाणी काढत नाही, सोबत पोटॅशियम पण काढते, आणि हृदयाचे ठोके तालात पडायला पोटॅशियम लागतं. नॉर्मल ३.५ ते ५ च्या मधे असतं, याचं २.७ आलं. ईसीजी काढला, हळूहळू सलाईनमधून पोटॅशियम चढवलं, कारण ते पटकन देता येत नाही, पटकन दिलं तर त्यानंच हृदय बंद पडू शकतं. रात्रभर मशीन लावून ठेवलं होतं. त्याची आई गावाकडून आली, ती एकच विचारत होती, "सर, लेकरू तर जेवत व्हतं ना ओ चांगलं?" जेवत होतं मावशी. तीन दिवसात त्याचं वजन परत ६२ वर आलं, चारही किलो जागेवर.

पोरगं वाचलं. पण त्याच्या डोक्यातून ते चित्र गेलं नाही, आणि याची काळजी मला पोटॅशियमपेक्षा जास्त आहे. उन्हाळ्यात गावी गेला की सगळी पोरं विहिरीत उड्या मारतात, हा पण लहानपणापासून मारायचा. आता टी-शर्ट घालून पोहतो. ६२ किलोचा, भरल्या अंगाचा, गावातल्या दहा पोरात उठून दिसणारा पोरगा, आणि त्याला शर्ट काढायची लाज वाटते. मला हे बघवत नाही, खरंच बघवत नाही. आणि तो एकटा नाही. लग्नाला जात नाहीत कारण तिथं जेवावं लागेल, आईनं केलेली पुरणपोळी बाजूला सारतात, खांदा दुखत असला तरी बेंच मारतात, दिवसातून चार वेळा काट्यावर चढतात. डॉक्टर लोकांनी १९९७ मध्ये या आजाराचं वर्णन केलंय, मसल डिसमॉर्फिया म्हणतात, म्हणजे भरलेलं शरीर असूनही आपण काटकुळे आहोत असं मनापासून वाटणं. प्रत्येक मेहनती पोराला हा आजार असतो असं नाही. फरक मी असा ओळखतो की ज्याला छंद आहे तो दोन दिवस जिम चुकली तर चुकचुकतो आणि विसरतो, ज्याला हे जडलंय तो दोन दिवस चुकले की माणसातून उठतो, कुणाशी बोलत नाही, जेवत नाही.

अशा पोराला मग बाजार गाठतो. तीन महिन्यात दहा किलोचा वायदा करणारा कुणीतरी भेटतो. दहा किलो मसल तीन महिन्यात नॅचरल चढत नाही, वर वेग सांगितलाच आहे, म्हणून तिथं कोर्स सुरू होतो, टेस्ट म्हणा, डेका म्हणा, म्हणजे स्टेरॉइड. अंगाला बाहेरून हार्मोन मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं, अंडकोष बारीक होतात, शुक्राणू कमी होतात, आणि कोर्स सोडल्यावर ते परत चालू व्हायला कित्येक महिने जातात, कधी वर्षाच्या वर. ओळखायला येतं. खांदे आणि मानेजवळचा भाग बाकी अंगाच्या मानानं अचानक फुगतो, पाठीवर-खांद्यावर पुटकुळ्यांचा सडा, स्तनाग्राखाली दुखरी गाठ, तिला पोरं गायनो म्हणतात. काही जण तर ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर द्यायचं मेफेंटरमिनचं इंजेक्शन व्यायामाच्या आधी टोचून घेतात, ताकद येते म्हणून, राज्यात पोलिसांनी त्याचे साठे पण पकडलेत. एकोणीस-वीस वर्षाचं पोरगं, ज्याचं स्वतःचं हार्मोन आयुष्यात सगळ्यात भरात असायचं वय, ते बाहेरून विकत घेतंय. कशासाठी, तर पडद्यावरच्या एका दुपारीसाठी.

तुम्ही म्हणाल हिरो आधीपासून देखणाच असतो, नवीन काय. नवीन आहे. आमच्या वडिलांच्या वेळचे हिरो रुबाबदार होते पण शर्टात होते, पोट थोडं सुटलेलं चालायचं, आणि कुणी त्यांच्या पोटाकडं बघून स्वतःचं पोट मोजत बसत नव्हतं. १९९८ मध्ये सलमान खान एका गाण्यात शर्टाशिवाय गिटार घेऊन आला, २००७ मध्ये शाहरुख खानचे सिक्स पॅक आले आणि त्यानंतर ती जणू नोकरीची अटच झाली. रोमान्स करणारा असो, शेतकरी असो, गरीब रिक्षावाला असो, शर्ट निघाला की आत तेच पोट. आता आमच्या पोराला वाटतं की पुरुषाचं अंग असंच असतं, आणि आपलं तसं नाही म्हणजे आपल्यातच कमी आहे, पोरगी नाही म्हणली तरी त्यामुळंच म्हणली.

याच पोरांची भरतीची परीक्षा बघा. पोलीस भरतीला उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे, १६०० मीटर पळायला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पोटावर किती वड्या दिसतात याला एकही मार्क नाही. आणि कट्ससाठी भाकरी सोडलेला पोरगा १६०० मीटरच्या तिसऱ्या राउंडलाच पाय ओढायला लागतो, कारण पळायचं इंधन त्यानं स्वतःच काढून टाकलेलं असतं. दर भरतीला मी हे ग्राउंडवर बघतो. ज्याच्या पोटावर थोडी चरबी आहे तो पुढं निघून जातो आणि बाकीच्यांना ते बघून पण पटत नाही.

तुमच्यातल्याच एकानं थोडं चांगलं काम केलेलं आहे. आमिर खाननं कुस्तीच्या सिनेमासाठी आधी वजन ९७ किलोच्या आसपास नेलं, म्हाताऱ्या बापाचे सीन आधी शूट केले, मग महिनोन् महिने उतरवून तरुणपणाचे सीन केले, आणि २०१६ मध्ये त्याचा व्हिडिओ आला त्यात सुटलेलं पोट दाखवलं, धाप लागलेली दाखवली. तो व्हिडिओ मी पोरांना अजून दाखवतो, कारण वेळ लागतो हे त्यात दिसतं. पण त्यात सुद्धा शेवटचं चित्र तेच, सगळ्यात कापलेलं शरीर, आणि त्याच्यापुढं व्हिडिओ संपतो. ते शरीर पुढच्या महिन्यात कसं होतं ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सीन काढून टाका, शर्ट घालून फिरा असं मी म्हणत नाही, सेन्सॉरनं कात्री लावावी असं तर अजिबात म्हणत नाही. हिरो सिगारेट ओढतो तेव्हा २०१२ पासून पडद्यावर खाली इशारा येतो आणि त्यानं कुठला सिनेमा पडला नाही. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत माणसाचं शरीर कंप्युटरवर बदललं असेल तर तसा शिक्का मारावा लागतो. मग पाणी तोडून, औषध घेऊन, कंप्युटरवर घासून केलेल्या शरीराखाली एक ओळ यायला काय हरकत आहे? कायदा येईल तेव्हा येईल, तुम्ही स्वतःहून ट्रान्सफॉर्मेशनच्या व्हिडिओत सांगू शकता. किती महिने लागले, शेवटच्या चार दिवसात पाणी किती प्यायलात, कुठलं औषध घेतलं का, डॉक्टर सोबत होता का, टेकच्या आधी किती वेळ पंप मारला. औषध घेतलं असेल आणि ते सांगायचं धाडस नसेल तर निदान "मी फक्त पनीर आणि उकडलेली अंडी खाऊन हे केलं" असं तरी म्हणू नका, कारण इथं ते खरं धरून पोरं पनीर खातात, तसं होत नाही आणि मग दोष स्वतःला देतात.

ट्रेनर दादांनो, तुम्हाला वेगळं सांगतो कारण आपण एका धंद्यातले. तुमचं रील लाखो लोक बघतात. त्यात पीक वीकचं, म्हणजे शूटच्या आधीच्या शेवटच्या आठवड्याचं, पाणी-मीठ टाकताना हे एका दिवसाच्या शूटसाठी आहे, डॉक्टरच्या नजरेखाली आहे, घरी करू नका, एवढं स्वतःच्या तोंडानं बोला. खाली बारीक अक्षरात लिहून कुणी वाचत नाही. औशाच्या त्या पोरानं ज्या रीलवरून सगळं उचललं ते मी नंतर बघितलं, त्यात पाण्याचे आकडे सगळे होते आणि हे एक वाक्य नव्हतं.

आणि हिरो मंडळी, अजून एक गोष्ट, तिला पैसे पण लागत नाहीत. पुढच्या सिनेमात शर्ट काढाल तेव्हा शूटनंतर पंधरा दिवसांनी, पोटभर जेवून, पाणी पिऊन, घरातल्या साध्या ट्यूबलाइटखाली काढलेला एक फोटो पण टाका, तारीख आणि वजन लिहून. मी तो मोठा प्रिंट काढून जिममध्ये आरशाच्या शेजारी लावतो, तुमच्या पोस्टरच्याच साइजमध्ये.

आपला,
लातूरचा एक जिम ट्रेनर